सदनिका ३०२ चा लाईट-पाण्याचा मेसेज : समितीने एकदाचं वाचावं म्हणून

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

विषय : सदनिका ३०२ चे मालक भाडेकरूला पाठवत असलेला वीज व पाण्याचा हिशोब

महोदय,

तक्रारवहीत मार्च महिन्यातली माझी नोंद आपण पाहिली असेलच. तिच्यापुढे "मालक-भाडेकरूचा आपसातला मामला" असा शेरा आहे. मामला आपसातलाच आहे, फक्त तो रात्री साडेनऊला आमच्या दारासमोरच्या जिन्यात चालतो. मीटर रूममधलं बटण खाली पाडलं जातं आणि भाडेकरूंच्या फोनच्या चार्जिंगसाठी आमच्या घरातून एक्स्टेन्शन वायर बाहेर काढावी लागते. ती वायर सामाईक जागेत आली म्हणून समितीने सूचना मलाच दिली. असो.

यावेळी मालकांनी तो मेसेज इमारतीच्या ग्रुपवरही टाकला, म्हणून आता तो सगळ्यांचा झाला. मजकूर जसाच्या तसा : "लाईट २१४०, पाणी ९००. टोटल ३०४०. उद्यापर्यंत पाठवा नाहीतर मेन बंद." रीडिंग नाही, तारीख नाही, बिलाचा फोटो नाही. भाडेकरूंनी "कसे?" विचारलं, तर उत्तर आलं, "स्लॅब तुमच्यामुळे चढतो."

बिल भाडेकरूंनी मला दाखवलं, म्हणून पुढचं लिहितो. ३०२ चे दोन भाग केले आहेत, पण महावितरणचा मीटर एकच आहे आणि मागच्या भागाला सबमीटर आहे. मुख्य मीटरचं रीडिंग ५ जुलैला १८,६४२ होतं, ५ ऑगस्टला १८,९६२. म्हणजे वापर ३२० युनिट. बिलाची एकूण रक्कम ५,०४० दिसते, पण त्यात १,२१० ही मालकांची मागची थकबाकी आहे. ती या हिशोबात येऊच शकत नाही. उरलेल्या ३,८३० पैकी १५० हा वीज शुल्कासह स्थिर आकार. तो एक युनिट न जाळताही लागतो. बाकीचे ३,६८० वापराचे : ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क. ३,६८० भागिले ३२०, म्हणजे युनिटला ११.५० रुपये.

आता २,१४० आले कुठून? मालकांनी सबमीटरचं रीडिंग घेतलं १४ ऑगस्टला. ५ जुलैचं १,२०४.६ आणि १४ ऑगस्टचं १,३२८.६, म्हणून युनिट धरले १२४. मुख्य मीटरचे ३१ दिवस आणि सबमीटरचे ४० दिवस, आणि दोन्ही एकाच बिलात! भाडेकरूंनी ५ ऑगस्टला काढलेल्या फोटोत आकडा १,३००.६ आहे, म्हणजे खरे युनिट ९६. त्या १२४ युनिटांना मालकांनी १७.२५ हा दर लावला, जो या बिलात फक्त शेवटच्या वीस युनिटांना लागला आहे. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले शंभर युनिट सगळ्यांत स्वस्त, पुढचे तीनशेपर्यंत महाग, त्यापुढचे आणखी महाग. ते वीस युनिट कोणी जाळले हे मीटर सांगत नाही. स्वतंत्र मीटर असता तर भाडेकरू ९६ युनिटांवर पहिल्याच टप्प्यात राहिले असते. सरासरी दर लावला तरी ते मालकांच्या २२४ युनिटांचा भार थोडा उचलतातच. वर आणखी सर्वांत महाग दर लावायचा, याला काय म्हणावं ते आपणच ठरवा.

पाण्याचे ९०० ही तर पूर्ण सदनिकेची रक्कम आहे. मालकांनी आदर्श उपविधींचा हवाला दिला, की पाणी नळजोडणीच्या संख्येवर आणि आकारावर आकारतात. बरोबर, पण तो नियम संस्थेने सदनिकांमध्ये वाटणी करण्यासाठी आहे, एका घराच्या आतल्या वाटणीसाठी नाही. आत माणसं मोजणंच सरळ. मालकांकडे चार, मागे दोघे. दोघांचा वाटा एक तृतीयांश, म्हणजे ३००.

मालकांना मी हा मेसेज असा लिहून दिला होता. त्यांनी "शहाणपण नको" असं कळवलं. आपण तरी वाचा :

"नमस्कार. ५ जुलै ते ५ ऑगस्ट या बिलाचा हिशोब पाठवतो. बिलाचा आणि दोन्ही मीटरचे फोटो सोबत आहेत.
मुख्य मीटर : १८,६४२ ते १८,९६२ = ३२० युनिट.
सबमीटर : १,२०४.६ ते १,३००.६ = ९६ युनिट.
वापराची रक्कम ३,६८० ÷ ३२० = ११.५० रु. प्रति युनिट (थकबाकी वगळून).
तुमची वीज : ९६ × ११.५० = १,१०४ रु.
स्थिर आकार १५०, निम्मा = ७५ रु.
पाणी : ९०० रु., सहापैकी दोन माणसं = ३०० रु.
एकूण १,४७९ रु. आकड्यात शंका असेल तर मीटरजवळ एकत्र बघू."

३,०४० आणि १,४७९. फरक १,५६१ रुपयांचा. आमच्या मजल्यावरच्या बाकीच्या तिन्ही घरांचं मत हेच आहे. सही मात्र मी एकट्याने केली आहे, कारण बाकीच्यांना वाद नको आहे.

सबमीटर बरोबर चालतो का, हेही एकदा तपासावं. काम पाच मिनिटांचं आहे. मागच्या भागातली सगळी बटणं बंद करून मीटरवरचा लाल दिवा पाहायचा. तो तरीही लुकलुकत असेल, तर मालकांचं एखादं उपकरण त्या वायरवर आहे. (गॅलरीतल्या वॉशिंग मशीनच्या पॉइंटबद्दल मला शंका आहे, पण ती शंकाच.) मग हजार वॉटचा पाणी तापवायचा रॉड एकटाच लावून मिनिटभर लुकलुक मोजायची. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट लिहिलं आहे, म्हणजे मिनिटाला ५३ च्या आसपास यायला हवेत. व्होल्टेजमुळे तीन-चार इकडेतिकडे चालेल, सत्तर आले तर मीटर बदला. इस्त्री वापरू नये, ती गरम झाली की आपोआप बंद होते आणि मोजणी फसते. रीडिंग लिहिताना शेवटच्या अंकाआधीचा दशांश बिंदू पाहावा. तो एकीकडे सुटला आणि दुसरीकडे घेतला, तर युनिट कोणाच्याही समजुतीपलीकडे जातात.

समितीचाही यात हात आहे, हे सांगायला वाईट वाटतं. देखभाल बिलात "पाणी व इतर" अशी एकच ओळ छापली जाते. ३०२ च्या ९०० मध्ये महापालिकेचं पाणी किती आणि टँकर किती, हे बिलावरून कळत नाही. मालकांनाही कळत नसेल, इतका मोठेपणा मी दाखवू शकतो.

मेन बंद करण्याबद्दल एवढंच, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे योग्य कारणाशिवाय भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही. वादातला हिशोब हे योग्य कारण आहे, असं समितीचं मत असेल तर लेखी द्यावं.

माझी मागणी फार नाही. पुढच्या बिलापासून पाणी आणि टँकर वेगळे छापावेत. मीटर रूमची चावी वॉचमनकडे ठेवावी आणि ती कोणाला दिली याची नोंद वहीत करावी. ३०२ च्या मालकांना वरचा मेसेज नमुना म्हणून समितीच्या सहीने द्यावा, माझ्या नावाने नको, नाहीतर पुन्हा कुंड्यांचं पाणी आमच्याच गॅलरीत येईल. त्याची तक्रार स्वतंत्र पत्राने केलीच आहे, तिच्यापुढे तर शेराही नाही.

पुढच्या मासिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय "इतर" मध्ये ढकलू नये. तिथे पोहोचेपर्यंत चहा येतो आणि सभासद उठतात.

आपला विश्वासू,
सदनिका ३०१

सोबत : बिलाची प्रत (भाडेकरूंच्या संमतीने), दोन्ही मीटरचे ५ ऑगस्टचे फोटो