सकाळच्या शोचं गणित

संपादक साहेब, सिनेमाला विद्यार्थी, आजी-आजोबांना किंवा सकाळच्या शोला सवलत दिली की लोक म्हणतात आम्ही का जास्त भरायचे. पण सकाळच्या शोला एसी, प्रोजेक्टर, स्टाफ यांचा खर्च तीस माणसं आली काय नि नव्वद आली काय, जवळपास तेवढाच. समजा २५० च्या तिकिटाला तीसच जण येतात, म्हणजे ७५०० गल्ला, तेच १२० केलं आणि नव्वद आले तर १०,८००, शिवाय समोसे-पॉपकॉर्न वेगळं! मात्र त्या नव्वदात वीस जण संध्याकाळचा २५० चा शो सोडून आलेले असले तर तिकडचे ५००० गेले आणि ३३०० चा फायदा उलटून १७०० चा तोटा झाला. सुट्टीला संध्याकाळचे लोक सकाळी सहज येऊ शकतात, म्हणून त्या दिवशी सकाळची सवलत जपूनच द्यावी.

विद्यार्थ्यांना आयकार्ड गेटवर बघूनच सोडा, नाहीतर एकाच्या कार्डावर अख्खी गँग आत. वयाची सवलत तशी ढोबळच, पेन्शनवाल्या काकांना स्वस्त आणि डिलिव्हरीवाल्या पोराला फुल रेट, हे मला खटकतं. सकाळचा रेट निदान सगळ्यांना खुला असतो. आणि आधी रेट वाढवून मग सवलतीचा बोर्ड लावणं ही तर सरळ फसवणूक.

– एक सिनेमावेडा, सांगली