फिरकीला बळी किती, यापेक्षा किती चेंडूंत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा संघाच्या निवडीआधी आपल्या क्रीडा पानावर एक टिपण आलं होतं. आपल्या मैदानावर पडलेल्या बळींपैकी जवळपास दोन तृतीयांश फिरकीला मिळालेत, तेव्हा चार फिरकीपटू खेळवावेत, असा त्याचा सूर होता. बळींची बेरीज बरोबर असेलही. पण मी वीसेक वर्षं स्थानिक सामन्यांचं स्कोअरबुक लिहितोय, आणि या एकाच हिशेबापायी आमचा क्लब एकदा तोंडावर आपटलाय. म्हणून हे पत्र.

फिरकीला जास्त बळी मिळाले, यात फिरकीने जास्त षटकं टाकली हेही दडलेलं असतं. आपल्याकडे दहा-बारा षटकांत नवा चेंडू मॅटवर घासून पांढरा पडतो, कर्णधार दोन्ही टोकांनी स्पिनर लावतो आणि ते शेवटपर्यंत टाकतात. मग बळीही त्यांच्याच नावावर लागणार. पुढच्या वर्षी तो आकडा बघून आणखी एक स्पिनर घेतला जातो, तो आणखी षटकं टाकतो, आकडा आणखी फुगतो. मैदान मात्र होतं तसंच आहे.

आपल्या सर्वांना आठवणारा सामना घेतो. फेब्रुवारी 2017, पुण्याजवळचं गहुंजे, भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी. आपण 105 आणि 107 मध्ये गुंडाळलो गेलो आणि 333 धावांनी हरलो. सामन्यातल्या 40 बळींपैकी 31 फिरकीचे, 9 वेगवान गोलंदाजांचे. हे वाचून कोणीही म्हणेल, इथे वेगवान गोलंदाज म्हणजे नुसती भरती.

आता ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव उघडा. 94.5 षटकांत 260. अश्विन, जडेजा, जयंत यादव मिळून 6 बळी, उमेश यादव एकट्याचे 4, इशांतला एकही नाही. बळींत फिरकी पुढे. पण उमेश-इशांतने मिळून टाकली 23 षटकं, म्हणजे 138 चेंडू. तिघा फिरकीपटूंनी 431. भागाकार करा: वेगाला दर 35 चेंडूंमागे एक बळी, फिरकीला दर 72 चेंडूंमागे. ज्या डावात फिरकीने जास्त गडी टिपले, त्याच डावात गडी बाद करण्याचा वेग उमेशच्या बाजूने दुप्पट होता.

एवढ्यावर हुरळून तीन मिडियम पेसर घ्यायला निघालात तर तीही चूकच. उमेशचे चार कोण, ते बघायला हवं. वॉर्नर, वेड, ओकीफ आणि लायन. शेवटचे दोघे शून्यावर गेले, आणि ते तळाचे. पहिल्या सात फलंदाजांपुरतंच मोजलं तर वेगाचे 2 आणि फिरकीचे 5 बळी उरतात. चेंडूंच्या हिशेबात ते 69 आणि 86 होतात. दुपटीचा फरक बहुतेक त्या दोन तळाच्या बळींच्या जोरावरच उभा होता. मी यावरून स्वतःपुरता एक नियम केलाय. एका रकान्यातले दोन बळी काढले आणि उत्तर बदललं, तर त्या उत्तरावर संघ निवडायचा नाही, अजून सामने जमवायचे.

याच कसोटीने आणखी एक गोष्ट शिकवली. दोन्ही डाव धरून आपल्या फिरकीला एका बळीसाठी सरासरी 61 चेंडू लागले, ऑस्ट्रेलियाच्या फिरकीला 19. पीच तेच, चेंडूही त्याच जातीचा. अश्विन-जडेजा काय फिरकी विसरले होते? ओकीफने दोन्ही डावांत 35 धावांत 6 असे 12 बळी घेतले, त्यात कितीतरी चेंडू वळलेच नाहीत. आपले फलंदाज वळणासाठी खेळले आणि सरळ चेंडू पायावर किंवा बॅटच्या कडेला घेऊन बसले. म्हणजे 'फिरकी' या एका रकान्यात कोण टाकतंय आणि समोर कोण खेळतंय हे दोन्ही लपून जातं. आमच्या क्लबाचा जुना माळी फलकाकडे बोट दाखवून अहिराणीत म्हणायचा, "पीच काय दखस, बॉलर दख!" मला तेव्हा हसू यायचं.

त्याच गहुंजेवर ऑक्टोबर 2019 मध्ये दक्षिण आफ्रिका आली. 2017 चे 31 विरुद्ध 9 समोर ठेवले असते तर तिसरा फिरकीपटू घ्यावासा वाटला असता. आपण उलट हनुमा विहारीला बसवून उमेशला तिसरा वेगवान गोलंदाज म्हणून आणलं. आफ्रिकेचे 20 बळी निम्मे-निम्मे वाटले गेले, 10 वेगाला, 10 फिरकीला, आणि उमेशने दोन्ही डावांत तीन-तीन घेतले. मग 2024 ला न्यूझीलंड आली तेव्हा गोलंदाजांच्या नावावर पडलेल्या 38 बळींपैकी 37 फिरकीचे. वेगाचा एकच, साऊदीने घेतलेला रोहित. (उरलेले दोन धावबाद. ते बेरजेतून आधीच काढून ठेवावेत, स्कोअरबुकात ते कोणाच्याच नावावर नसतात.) 2019 मध्ये पडलेले आपले पाच गडीही धरून तीन कसोट्यांची गोळाबेरीज केली तर फिरकीला 80 आणि वेगाला 23 बळी येतात, आणि या आकड्यात 2019 कुठे दिसतच नाही. 2017 चं पीच सामनाधिकाऱ्याने 'निकृष्ट' ठरवलं होतं. तसं पीच आणि 2019 चं पीच एका माळेत ओवायचं कशाला? मैदानाचं नाव एक असलं तरी पीच प्रत्येक वेळी नवीन बनतं.

आपल्याकडे तर हा घोळ आणखी मोठा. खान्देशातली काळी माती डिसेंबरात सकाळी दमट असते, एप्रिलात भेगाळते. मॅट खिळे ठोकून ताणून बसवली तर चेंडू उसळून येतो आणि मिडियम पेसर खूष. ढिली राहिली तर चेंडू तिला पकडून वळतो. मी स्कोअरबुकात वरच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहितो: मॅट की माती, सुरुवात किती वाजता, आणि महिना. या तिन्ही जुळणारे सामनेच एकत्र मोजतो. त्यामुळे पाच वर्षांच्या ढिगातून कामाचे सात-आठ सामने हाती लागतात, आणि तेवढ्यावर छातीठोक बोलता येत नाही हेही कळतं. मॅट काढून मातीचं पीच केलं तर जुनी वही सरळ मिटवायची.

आणखी एक अडचण पुण्या-मुंबईच्या आकड्यांत दिसत नाही. आपल्याकडचे निम्मे 'वेगवान' गोलंदाज दहाव्या षटकानंतर बोटं फिरवून कटर टाकतात आणि यष्टिरक्षक यष्टीजवळ उभा राहतो. त्यांना कोणत्या रकान्यात घालायचं? मी यष्टिरक्षक कुठे उभा आहे यावरून ठरवतो. मागे असेल तर वेग, यष्टीला चिकटून असेल तर वेगळा तिसरा रकाना. शास्त्र म्हणून सांगत नाही, पण हा रकाना नसेल तर कटरचे बळी वेगाच्या नावावर जातात आणि नव्या चेंडूचा गोलंदाज आहे त्यापेक्षा भारी वाटू लागतो.

आता आमच्या क्लबाची फजिती. एका डिसेंबरात स्पर्धेच्या बाद फेरीआधी आम्ही असाच वाटा काढला, फिरकीचा वाटा मोठा निघाला आणि तिसऱ्या मिडियम पेसरला बसवून चौथा स्पिनर घेतला. सामना सकाळी नऊचा, 40 षटकांचा, गोलंदाजाला जास्तीत जास्त आठ षटकं. मॅटखालची माती ओली होती. समोरच्यांच्या दोन पोरांनी पहिल्या तासात आमचे पाच गडी टिपले. आमची पाळी आली तोवर ऊन चढलं होतं, तरी नव्या चेंडूची सोळा षटकं दोघांनाच टाकावी लागली आणि तिसरा कोणी उरला नाही. चौथ्या स्पिनरला कर्णधाराने दोन षटकं दिली. त्या पोराचा काही दोष नव्हता. त्याच्यासाठी षटकंच शिल्लक नव्हती.

'वेग की फिरकी' हा प्रश्न मला तिथेच चुकीचा वाटू लागला. पहिले दोन पेसर आणि पहिले दोन स्पिनर कोणीही घेतोच. भांडण पाचव्या जागेवर असतं: तिसरा पेसर की तिसरा-चौथा स्पिनर? त्यासाठी सगळ्या फिरकीची सरासरी उपयोगाची नाही, कारण ती पहिल्या दोघांनी कमावलेली असते. 2017 च्या त्याच कसोटीत आपला तिसरा स्पिनर जयंत यादव होता. दोन्ही डावांत मिळून 23 षटकं, 101 धावा, 2 बळी. दुसरा पेसर इशांत, 14 षटकांत 33 धावा आणि एकही बळी नाही. शेवटच्या जागेचा हिशेब हा असा, अश्विनच्या आकड्यांत तो सापडत नाही. जिल्हा संघासाठीही तिसऱ्या पेसरने आणि चौथ्या स्पिनरने मागच्या सामन्यांत प्रत्यक्षात किती षटकं टाकली, कोणत्या वेळी टाकली आणि पहिल्या सातांतले किती गडी घेतले, एवढंच काढून समोरासमोर ठेवावं. अर्ध्या तासाचं काम आहे. वही कोणाकडे नसेल तर माझी नेऊ शकतात.

यंदाची निवड चुकेल असं मी म्हणत नाही. सामने फेब्रुवारीच्या दुपारचे असतील आणि मॅट ढिली असेल तर चार स्पिनरच बरोबर ठरतील. मग कारण सांगताना ते सांगा, दोन तृतीयांश वाटा सांगू नका.

जाता जाता आपल्या पानाविषयी. स्थानिक सामन्यांच्या बातमीत 'अमुक 3 बळी, तमुक 2 बळी' एवढंच छापलं जातं. षटकं आणि धावा नसतात. जागेची अडचण समजते, पण '8-1-27-3' एवढे आकडे नावापुढे आले तरी ओळ वाढणार नाही. मागच्या दोन हंगामांची आपली कात्रणं मी जपून ठेवलीयत. त्यांवरून चेंडूंमागे बळी काढायला बसलो आणि पहिल्याच पानावर अडलो.

आपला,
एक जुना स्कोअरर, भुसावळ