तोल सां… भाळा

कराड,
१४ जुलै

प्रिय दत्ता,

तुझी लावणी येऊन तीन आठवडे झाले आणि मी गप्प. रागावला असशील. "फक्त शुद्धलेखन बघ" असं लिहून पाठवलीस म्हणून हातच लागेना, कारण शुद्धलेखन ठीकच आहे लेका, बिघडलंय ते थापेत. एके रात्री टेबलावर केरवा धरून (धा गे न ति, न क धि न) तुझा मुखडा म्हणत बसलो, तेव्हा जे सापडलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं? शेजारी समजतील याला वेड लागलं. गुडघा आहे तसाच आहे, त्याबद्दल विचारू नकोस.

तुझी ओळ अशी आहे: "अहो दाजी, तुम्ही तुमचा तोल सांभाळा जी". कागदावर झकास. आता मात्रा लाव. ऱ्हस्वाची १, दीर्घाची २, अनुस्वार असला किंवा पुढे जोडाक्षर आलं की २. आवर्तन ८ मात्रांचं. "अहो" सम यायच्या आधी उचललास हे बरोबरच, त्याच्या ३ मात्रा बाहेर ठेव. पुढे "दाजी तुम्ही" म्हणजे ७. (तुम्ही मधल्या "तु"ची एकच मात्रा; म्ह, न्ह, ल्ह मागच्या अक्षराला जड करत नाहीत. यावरून आपलं कॉलेजात भांडण झालं होतं, तेव्हाही मीच बरोबर होतो. तू तर अक्षरं मोजायचास!) आठवी मात्रा "तु" खातो आणि समेची धूम पडते ती थेट "म"वर. तु-मचा. ऐकणाऱ्याला "मचा" म्हणजे काय हे कळेपर्यंत बाई पुढे गेलेली असते. पुढचं आवर्तन "मचा तोल सां" इथे भरतं, आणि त्यानंतरची थाप पडते "भाळा"वर.

तोल सां… भाळा! बाई हाताने सांगतेय सांभाळा आणि ढोलकी सांगतेय भाळा. मी एकटाच हसत बसलो. तुला हे मुद्दाम करायचं होतं का? नसणार. पण हे फेकायचं नाही, शेवटी वापरू. सुरुवातीलाच आलं तर फुकट जातं, कारण लोकांच्या कानाला अजून सरळ ओळ ठाऊकच नसते. मोडलेली ओळ गंमत देते ती न मोडलेली चारदा ऐकल्यावर.

म्हणून मुखडा सरळ केला. दर आठ मात्रांना शब्द संपला पाहिजे, म्हणजे समेवर नव्या शब्दाचं पहिलं अक्षर येतं:

(अहो) तोल सावरा । दाजी तुमचा । तोल सावरा । जी ऽ
(इथं) वांगी घेता । काकण बघता । नजर आवरा । जी ऽ

दुसरी ओळ तुझीच आहे, एक मात्राही हलवलेली नाही. "सांभाळा"चं "सावरा" केल्याने तुला यमकही मिळालं, आधी ते नव्हतंच. आणि "जी"कडे बघ. लिहिताना त्याच्या २ मात्रा, पण ताणून ५ होतात. उरलेल्या ३ मध्ये "इथं" बसतं, परत वर जाताना "अहो" बसतं. पाच अधिक तीन, आवर्तन पुरं. झीलकऱ्यांनी हा "जी" उचलला की गाणारीला दम घ्यायला पाच मात्रा मिळतात. तू "जी"नंतर आणखी "र दाजी जी जी" जोडलं होतंस ते काढलंय. "ग", "बाई", "हो" हे गाणारी स्वतः घालते, आपण कागदावर भरून ठेवले तर तिला हात-पाय हलवायला जागाच राहत नाही.

आता पहिलं कडवं. तुझं असं:

पाव मागता, किलो उचलता
भाव ऐकता, हळूच हसता
सुट्टे नसता, उधार म्हणता

प्रत्येक तुकडा मोजला, आठाला आठ. शाब्बास. तरीही ढोलकी त्यावर चढत नाही, आणि का ते कळायला मला दोन दिवस लागले. यमक नुसत्या "ता"चं आहे. "ता" क्रियापदाचा प्रत्यय. मराठीत तो कुठल्याही धातूला लागतो, म्हणून कान त्याची वाटच बघत नाही. यमक त्याच्या आधीच्या अक्षरापासून जुळलं तर कान टवकारतात. कडव्यातली ओळ मुखड्याच्या निम्मी, दोनच आवर्तनांची. म्हणजे लय तीच ठेवूनही यमक दुप्पट वेगाने येतं आणि लावणी पळतेय असं वाटतं. तो सगळा भार यमकावर असताना ते पोचट असून कसं चालेल? "लता" धर:

पाव मागता, किलो उचलता
दांडी हलता, लगेच भुलता
भाव ऐकता, विषय बदलता

"उधार म्हणता" गेलं याचं वाईट वाटेल तुला. मलाही वाटलं. पण "भाव ऐकता" इथे ठेवलंय त्यात दर पण आला आणि मनातला भावही आला. दुअर्थी ओळीला माझी एकच कसोटी आहे: मंडईतल्या खऱ्या भाजीवालीने ती वाचली तर धंद्याच्या अर्थाने ती पूर्ण पटली पाहिजे. वरचा अर्थ धडधाकट असेल तरच आतल्याला लपायला जागा मिळते. तुझी ती टोमॅटोची ओळ या कसोटीला उतरत नव्हती, तिला वरचा अर्थच नव्हता. ती उडवली आहे. वहिनींनी वाचली नसेल अशी आशा.

चौथी ओळ मात्र तुझ्या आयुष्यातली सर्वोत्तम:

(म्हणे) जीव ठेवतो । गहाण बाई । किती बावरा । जी ऽ

तीन ओळी ती त्याच्याशी अहो-जाहोने बोलते आणि इथे एकदम तोंड फिरवून प्रेक्षकांना सांगते, "म्हणे… किती बावरा!" आदरार्थी गळून पडतं. ती मान वळवण्यातच अदा आहे. पण अडचण अशी की "विषय बदलता" आठच्या आठ मात्रा खाऊन बसतं, मग "म्हणे"च्या ३ मात्रा कुठून आणायच्या? ओढून-ताणून घुसवलंस तर समेवर "जीव"ऐवजी "णे" येईल. इथे एक अख्खं आवर्तन रिकामं सोड. पाच मात्रा ढोलकीवाल्याला, त्याला हवा तो तुकडा वाजवू दे. बाई पदर खोचेल, दाजीकडे बघेल, आणि सहाव्या मात्रेला "म्हणे". कागदावर तिथे तीन टिंबं दे आणि कंसात "ढोलकी" लिही, नाहीतर तालमीत कुणीतरी ते गाळून टाकेल.

तुझ्या चिनूला नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं. पुण्यातच आहे ना? घराचं रंगकाम आटोपलं असेलच.

दुसऱ्या कडव्यावर मी खरा अडलो. तुला "पासंग" हवाच होता आणि तुझं बरोबर आहे, तागडीची लावणी पासंगाशिवाय कशी होईल? (मंडळातल्या पोरांना सांग की स्टेजवर जुनी तागडीच आणा, इलेक्ट्रॉनिक काट्याला ना दांडी ना पासंग, अर्धी लावणी मेलीच.) पण तुझं "काटा माझा, पासंग नाही" मोज. पहिला तुकडा ८, दुसरा ५ अधिक ४, ९. एक मात्रा जास्त. गाणारी काय करते सांगू? ती "पासग" म्हणते. अनुस्वार गिळते, आणि अर्थाची वाट लागते. "नसे पासंग" केलं तर ८ बसतात, पण कुठली भाजीवाली "नसे" म्हणते? शब्द मापात बसला तरी तोंडात बसला पाहिजे. आठवडाभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की तीन मात्रांचा "नको" हाताशीच होता:

काटा माझा, सरळ बापडा
मिशीस भलता, पीळ वाकडा
पासंग नको, काढ रोकडा

"काढ" म्हटल्यावर ती सरळ तू-तुकारीवर आली, तेही त्याच्या तोंडावर. पहिल्या कडव्यात पाठीमागे "बावरा" म्हणाली होती, आता समोरासमोर. चढण अशी असावी.

शेवटची ओळ तू लिहिलीस "घरी कारभारणी वाट पाहते, मिशा आवरा जी". मोजमाप चोख, पण "आवरा" मुखड्यात येऊन गेलाय, आणि लगेच पुन्हा मुखडाच येणार. तोच शब्द पुन्हा आला की कोटी फुटते. शिवाय कारभारणीची धमकी फार जुनी झाली. मी वरा-वरा करत घरभर फिरलो. भोवरा, नवरा… भोवऱ्याला दुकानात काम नाही, नवरा आणला तर गोष्टच बदलते. मग खालच्या बंगल्याची पाटी दिसली:

(पुढं) पाटी वाचा । दारी कुत्रा । लई चावरा । जी ऽ

इथेही आधी ते रिकामं आवर्तन विसरू नकोस. नाममुद्रेचं म्हणशील, तर "दत्ता म्हणतो" बरोब्बर ८ मात्रांत बसतं, मी मोजून पाहिलंय. जुने शाहीर शेवटच्या कडव्यात नाव गुंफायचे हे खरं, आणि रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले म्हणून तूही काही ठरवून ठेवलं असशील. पण कुत्रा चावल्यावर तू कुठे मध्ये येतोस? नाव कार्यक्रमपत्रिकेवर टाक.

आणि आता तुझी चूक परत घ्यायची. शेवटचा मुखडा एकदा सरळ, मग दुसऱ्यांदा पहिलीच ओळ अशी:

(अहो) तोल सावरा । दाजी तुमचा । तोल सां ऽ ऽ ऽ । भाळा जी!

"तोल सां" ५ मात्रा, "सां" आणखी ३ ताणायचा, तोवर ढोलकी गप्प. मग समेवर धूम आणि "भाळा". तिथेच संपवायचं, मागे "जी"ची झील नको. तालमीत गाणारी "सां"वर श्वास तोडेल, तो तोडू देऊ नकोस. श्वास तुटला तर दोन शब्द होतात आणि लोकांना ती चूक वाटते. आवाज चालू ठेवूनच "भा"वर उतरायचं. आणि ढोलकीवाल्याला आधी सांगून ठेव, नाहीतर तीन मात्रा रिकाम्या दिसल्या की तो हमखास भरतो.

तुमची तालीम रविवारी आहे असं तू लिहिलंयस. रात्री फोन कर, पण हॅलो म्हणण्याआधी "भाळा" जमलं की नाही ते सांग.

तुझा,
सुभ्या

ता. क. "वांगी" बदलून "भेंडी" करू नकोस. मात्रा तितक्याच आहेत, मला माहीत आहे. तरी नको.