पाळीचं कुणी विचारलंच नाही

मा. आरोग्यमंत्री,
गोवा राज्य

महोदय,

मी डिचोली तालुक्यातली शिक्षिका, वय ४२. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. गेल्या पावसाळ्यात जिन्याच्या पहिल्याच वळणावर दम लागून छाती धडधडायला लागली. मागून येणाऱ्या मुलांना कळू नये म्हणून मी कठड्याला टेकून वह्या चाळत उभी राहायचे. हिमोग्लोबिन तपासलं तर ८.८ निघालं.

पण गोष्ट त्याच्या वर्षभर आधीची आहे. तेव्हा नुसता थकवा होता, केस मूठमूठ गळत होते आणि डब्यातले कच्चे उकडे तांदूळ चघळायची विचित्र खोड लागली होती. (घरात सगळे हसायचे, मीही.) तेव्हा हिमोग्लोबिन १२.१ आलं. बाईमाणसाला १२ च्या खाली गेल्यावर ॲनिमिया म्हणतात, म्हणून दवाखान्यात सांगितलं, ‘नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका.’

शरीर आधी साठ्यातलं लोह काढून रक्त चालवतं. साठा संपला की मगच हिमोग्लोबिन उतरतं. त्या साठ्याची तपासणी म्हणजे फेरिटिन. माझं ८.८ च्या वेळी केलं तेव्हा ५ आलं; १५ च्या खाली साठा रिकामा समजतात. वर्षभर आधी केलं असतं तर तेव्हाच कमी दिसलं असतं, असं नंतरच्या डॉक्टरांचं मत. अंगात ताप किंवा सूज असेल तर मात्र हा आकडा खोटा वाढतो, तेवढं भान ठेवावं लागतं.

आणि साठा गेला कुठे? माझी पाळी आठ-नऊ दिवस चालायची, पहिले दोन दिवस दर दोन तासांनी पॅड बदलावं लागे, गाठी पडत. शंभर मिलिलिटर रक्त गेलं की सुमारे ५० मिलिग्रॅम लोह जातं. जेवणातून रोज अंगी लागतं एक-दोन मिलिग्रॅम, त्यातलं एक तर शरीर असंच गमावतं. हा हिशोब कधीच जुळणार नव्हता. शेवटी सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली.

त्याआधी मला लोहाच्या गोळ्या दोनदा मिळाल्या होत्या. मी त्या चहाबरोबर घ्यायचे. चहाने लोह नीट शोषलं जात नाही हे कुणी सांगितलं नाही. शिवाय बरं वाटलं की सोडायचे. हिमोग्लोबिन वर आल्यावरही साठा भरायला आणखी तीनेक महिने गोळ्या लागतात. आणि रक्त जातच राहिलं तर तेही पुरत नाही.

माझी मागणी दोन ओळींची आहे. आरोग्य केंद्रात थकवा किंवा धाप घेऊन आलेल्या प्रत्येक बाईच्या केसपेपरवर पाळी किती दिवस, पॅड किती, गाठी पडतात का, एवढं लिहिलं जावं. आणि उत्तर ‘जास्त’ असेल तर हिमोग्लोबिन १२ असलं तरी फेरिटिन तिथेच, मोफत व्हावं. मी ते बाहेर पैसे भरून केलं. माझ्या शाळेतल्या सफाईवाल्या बाईला ते परवडणार नाही, आणि तीही हल्ली त्याच वळणावर थांबते.

आपली,
डिचोलीतली एक शिक्षिका