चांदणीखालची प्रोसेसिंग फी

माननीय संपादक,

सणासुदीच्या पुरवण्यांत हप्त्यांच्या जाहिराती भरभरून येतात. ‘शून्य टक्के व्याज, एक रुपयाही जादा नाही*’ असा मथळा घेऊ. पानाच्या तळाशी त्या चांदणीचा खुलासा असतो: प्रोसेसिंग फी १,२०० रुपये अधिक जीएसटी. फ्रिज २४,००० रुपयांचा, हप्ते २,००० रुपयांचे बारा. १८ टक्के जीएसटी धरून फी होते १,४१६ रुपये. ती सुरुवातीलाच भरायची, म्हणजे ग्राहकाला खरी उधारी २२,५८४ रुपयांचीच मिळते आणि फेड पूर्ण २४,००० ची. हिशेब केला तर हे व्याज वर्षाला ११ टक्क्यांच्या वर जाते. ‘शून्य टक्के व्याज असे काही नसतेच,’ या आशयाची तंबी रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना दिली होती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीप दाव्याचा खुलासा करू शकते. मुख्य दाव्याला छेद देऊ शकत नाही, की दिशाभूल करणारा दावा सावरू शकत नाही. हे तपासायला वकील लागत नाही. मथळा आणि तळटीप सलग मोठ्याने वाचा. ‘१५ नोव्हेंबरपर्यंत’ किंवा ‘ठरावीक मॉडेलवरच’ अशी अट असेल, तर दावा आखडतो, पण खरा राहतो. वरच्या उदाहरणात ‘एक रुपयाही जादा नाही’ हे वाक्य सरळ खोटे ठरते. तिथे तळटीप कितीही मोठी केली तरी उपयोग नाही, मथळाच बदलावा लागतो: ‘दरमहा २,००० रुपये, १२ हप्ते, फी १,४१६ रुपये वेगळी’. हा मथळा तितका खपाऊ नाही, हे कबूल.

भाषेचा घोळ तर आपल्याकडे नेहमीचाच. मथळा ठसठशीत मराठीत आणि अटी इंग्रजीत! तत्त्वांप्रमाणे तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवी. साधारण नजरेच्या माणसाला ती एका वाचनात, बेताच्या अंतरावरून वाचता आली पाहिजे.

आपल्या जाहिरात विभागाला एक सुचवावेसे वाटते. प्रूफ संगणकावर मोठे करून पाहू नये, तिथे सगळेच स्वच्छ दिसते. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते. गडद पट्टीवरची बारीक पांढरी अक्षरे भरून जातात, आधी वेलांट्या आणि अनुस्वार बुजतात. चार रंगांतले बारीक अक्षर छपाई किंचित सरकली तरी दुहेरी दिसते. म्हणून अटी फिक्या पार्श्वभूमीवर, एकट्या काळ्या शाईत आणि शक्यतो मथळ्याच्या चौकटीतच घ्याव्यात. प्रूफ मूळ आकारात छापून हातभर अंतरावरून वाचावे. चांदणीही तपासावी: मथळ्यात ती आहे आणि खाली तिचा खुलासाच नाही, किंवा एकाच चांदणीखाली तीन वेगळ्या अटी कोंबल्या आहेत, असे पुष्कळदा आढळते.

आपला,
एक वाचक, पुणे