प्री-ईएमआय व्याजाचा हिशेब कर्जदाराला आधी मिळावा

संपादक महोदय,

बांधकाम चालू असलेल्या सदनिकेसाठी कर्ज मंजूर होते, तेव्हा कर्जाचे संपूर्ण वाटप होईपर्यंत फक्त व्याज, म्हणजेच प्री-ईएमआय, भरावे लागेल, असे बँकेत सांगितले जाते. व्याज वाटलेल्या रकमेवरच लागत असल्याने सुरुवातीचा आकडा लहान दिसतो आणि कर्जदार निर्धास्त होतो. या काळात मुद्दलातला एक रुपयाही फिटत नाही, हे मात्र पुष्कळांच्या उशिरा लक्षात येते.

पन्नास लाखांच्या घराचे उदाहरण घेऊ. स्वतःचे दहा लाख आधी भरले आणि उरलेले चाळीस लाख साडेआठ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले. महारेराच्या नमुना करारानुसार सर्व स्लॅब पूर्ण होईपर्यंत विकासक किमतीच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम मागू शकतो, म्हणजे बँकेने तोवर २५ लाख दिलेले असतात. त्यावरचे व्याज महिना सुमारे १७,७०० रुपये होते. पुढचा पाच टक्क्यांचा टप्पा भिंती, आतले प्लास्टर, फरशी, दारे-खिडक्या झाल्यावर येतो. स्लॅब भराभर टाकले जातात आणि काम रेंगाळते ते नेमके इथे, कारण मोठी रक्कम विकासकाच्या हाती आलेली असते. हे रेंगाळणे दोन वर्षे चालले, तर सव्वाचार लाख रुपये व्याजात जातात आणि कर्ज २५ लाखांवरच उभे राहते. बँकेने परवानगी दिल्यास वीस वर्षांच्या मुदतीचा सुमारे ३४,७०० रुपयांचा पूर्ण हप्ता याच काळात सुरू करता येतो. त्या दोन वर्षांत जवळपास ४.४ लाख मुद्दल फिटते. पण घरभाडेही भरणाऱ्या कुटुंबाला ते झेपेलच असे नाही.

करसवलतीचा दिलासाही बहुधा कागदावरच राहतो. जुन्या करप्रणालीत बांधकामकाळातले व्याज ताबा मिळाल्यापासून पाच समान भागांत दाखवता येते, पण राहत्या घरासाठी वर्षाची मर्यादा सगळे मिळून दोन लाखांची आहे. चाळीस लाखांच्या कर्जाचे त्या वर्षीचे व्याजच तीन लाखांच्या वर असते, मग मागचे व्याज बसवायचे कुठे? ताब्याची तारीख उलटल्यावर विकासकाकडून विलंबाचे व्याज मागता येते, परंतु त्या तारखेच्या आत काम संथ ठेवले, तर त्या काळातल्या कर्जाच्या व्याजाचा भार खरेदीदारावरच राहतो.

म्हणून बँकांना आग्रहाची विनंती आहे की, विकासकाचे मागणीपत्र आल्यावर वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्राची प्रत कर्जदाराला द्यावी, जागेवर जाऊन काम पाहण्यास त्याला आठवडाभर मुदत द्यावी आणि त्याची लेखी संमती मिळाल्यावरच रक्कम सोडावी. वाटपाच्या दिवसापासून व्याज त्याच्या खात्यावर चढते, तेव्हा त्या दिवसावर त्याचा शब्द चालला पाहिजे. मंजुरीपत्रातही ताबा एक वा दोन वर्षे लांबल्यास किती व्याज भरावे लागेल, ते रुपयांत छापले जावे.

– एक गृहकर्जदार, चिंचवड