नंबर बंद होतो, यादी तशीच राहते

फ्लॅटची नोंदणी झाली आणि आठवड्याच्या आत एका इंटिरिअर कंपनीचे फोन सुरू झाले. बोलणाऱ्याला माझे नाव, इमारतीची विंग आणि फ्लॅटचा कार्पेट एरियासुद्धा ठाऊक! नंबर कुठून मिळाला विचारले की "सर, सिस्टीममध्ये आहे" एवढेच उत्तर.

डीएनडीमध्ये माझी नोंद आहे. नोंदणीकृत जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून यायला हवेत. हे येतात साध्या दहा आकडी मोबाइलवरून. कॉल आल्यापासून सात दिवसांत १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपवर नंबर, तारीख आणि बोलण्याचा विषय देऊन तक्रार करता येते. मी केली. तो नंबर थंडावला, दुसऱ्यावरून तोच आवाज आला. कारण तक्रारीने नंबर बंद होतो, यादी नाही.

म्हणून कंपनीला ईमेलवर लेखी कळवले आहे: फोन थांबवा, माहिती कोणी दिली ते सांगा, ती पुसून टाका, पुढे ज्यांना दिली त्यांनाही पुसायला लावा आणि तसे लेखी द्या. अद्याप उत्तर नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ चे. पण माहिती पुसून घेण्याच्या हक्काची कलमे लागू व्हायला त्यानंतर १८ महिने! तोवर कंपन्यांनी याद्या खुशाल विकायच्या का? बिल्डरांनीही ग्राहकांची माहिती कोणाकोणाला दिली, ते जाहीर करावे.

– एक वाचक, ठाणे